तिठ्यावरचा फलक: प्रकल्प नोंदी, विधानसभा 2024

25 ऑक्टोबर 2024, शुक्रवार

आज काम हातात आलं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, पूर्वेकडून येणारा रस्ता जिथे एसटी स्टँडाकडे वळतो त्या तिठ्यावर एका उमेदवाराचा 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स परवाच चढला. छापला आमच्याच दुकानात, पण डिझाइन बाहेरून आलेलं. प्रचाराचं सगळं बघणारे बापू सकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "ताई, फलक भारी झालाय असं सगळी म्हणत्यात. पण काल माझ्या मेहुण्यालाच कळलं न्हाई तो कुणाचा ते. तुम्ही एकदा बघून सांगा."

बघून सांगते म्हटलं. पण "चांगला दिसतो" आणि "चांगला दिसत नाही" एवढंच सांगायचं नाही, हे आधीच ठरवलं. फलकाने नेमकं काय सांगायचंय, ते सांगून होतं का, आणि होत नसेल तर कशामुळे, एवढं शोधायचं. पक्षाचं आणि उमेदवाराचं नाव या नोंदींत लिहिणार नाही, चिन्हही नाही.

दुपारी छापील फाइल उघडून मोजदाद केली. चेहरे 17. वरच्या पट्टीत गोलांमध्ये सहा नेते, त्यांतले दोन दिवंगत. डावीकडे कमरेपर्यंतचे दोन मोठे राज्य नेते. उजवीकडे हात जोडलेला उमेदवार, त्या दोघांपेक्षा थोडा लहान. आणि तळाला आठ स्थानिक पदाधिकारी, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद. घोषणा तीन: "विकासाचा ध्यास, जनतेचा विश्वास", "आपला माणूस, हक्काचा माणूस" आणि "प्रचंड मतांनी विजयी करा". वर युतीचं नाव आणि "अधिकृत उमेदवार". सगळे शब्द मोजले तर 64. चिन्ह उजव्या कोपऱ्यात खाली, 14 इंचांचं, त्याच्यावर झेंडूच्या माळेचं टोक आलेलं.

27 ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेसातला तिठ्यावर जाऊन उभी राहिले. समोर चहाची टपरी आहे, तिथून फलक दिसत नाही, पाठ येते. हे माझ्या सोयीचं. पूर्वेकडून गाडीवर येऊन टपरीवर थांबलेल्या माणसाने फलक नुकताच पाहिलेला असतो, आणि आता तो त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. बारा जणांना विचारलं. आधी सांगून टाकलं की मी फ्लेक्सच्या दुकानातली आहे, मत कुणाला हे विचारत नाही. प्रश्न तीनच: मागे फलक होता तो कुणाचा? चिन्ह कोणतं? काय म्हणत होता?

बारापैकी नऊ जणांनी डावीकडच्या मोठ्या नेत्याचं नाव घेतलं. उमेदवाराचं नाव चौघांनी सांगितलं, त्यातले दोघे त्याच्या भावकीतलेच निघाले. चिन्ह दोघांना आठवलं. घोषणा एकालाही नाही. एक आजोबा म्हणाले, "वाढदिवसाचा असंल कुणाच्या तरी." हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं, कारण आजोबांचं चुकलेलं नाही. वरती नेते, खाली कार्यकर्ते, मध्ये हात जोडलेला माणूस हा साचा आपल्याकडे वाढदिवसाचा, निवडीच्या अभिनंदनाचा, सणाच्या शुभेच्छांचा आणि श्रद्धांजलीचाही आहे. लांबून तो साचाच दिसतो. आत काय लिहिलंय ते बघायची गरज डोळ्याला वाटत नाही.

28 ऑक्टोबर, सोमवार

आज टेप घेऊन अक्षरं मोजली. फाइलवरून मोजता येतात, पण छापल्यावर कडा दुमडून आयलेट मारताना काही इंच जातात, म्हणून प्रत्यक्षच बघितलं.

फलकाच्या अक्षरांसाठी जुना ठोकताळा आहे: अक्षराच्या दर एक इंच उंचीला दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट लांबूनही वाचता येतं, पण थांबून, डोळे बारीक करून. हा ठोकताळा रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांवर बसलेला आहे. देवनागरीत वरची मात्रा, वेलांटी, रफार आणि खालचा उकार धरून उंची सांगितली तर आपण स्वतःची फसवणूक करतो. मोजायची ती शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची, तेवढीच. उमेदवाराच्या नावाची अक्षरं "नऊ इंची" म्हणून छापलेली, पण शिरोरेघ ते पाया भरले सहा इंच. म्हणजे साठ फूट.

आता वेग. त्या सरळ रस्त्यावर मोटारसायकल ताशी 40 किलोमीटरने येते असं धरलं तर सेकंदाला साधारण 36 फूट जाते. साठ फूट म्हणजे पावणेदोन सेकंद. त्यातही मान वर करून बघावं लागतं, आणि समोर तिठा, वडापच्या जीपा, रस्ता ओलांडणारी माणसं. पावणेदोन सेकंदांत 17 चेहरे आणि 64 शब्द. टपरीवरचे आकडे काल चकित करणारे वाटले होते, आज वाटत नाहीत.

आणखी एक दिसलं, ते दुकानात बसून कधीच कळलं नसतं. फलकाच्या अलीकडे वडाप उभं राहतं. टपावर सामान बांधलेली जीप उभी असली की मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फलकाचा खालचा तिसरा हिस्सा झाकला जातो. चिन्ह नेमकं त्याच हिश्श्यात आहे. ऊस सुरू झाला की जीपांच्या जोडीला ट्रॉल्या येणार.

रात्री दुकानात ऑपरेटर पोराबरोबर एक चाचणी बसवली. 20 फुटांचा फलक 200 फुटांवरून बघायचा म्हणजे रुंदी अंतराच्या एक दशांश. तेच प्रमाण हातात आणायचं तर डोळ्यापासून 50 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर रुंद चित्र धरायचं. आगपेटी साधारण तेवढीच रुंद असते. फाइल 5 बाय अडीच सेंटिमीटरला छापून आगपेटीवर चिकटवली आणि हात जवळजवळ सरळ करून बघितली. दोन मोठे नेते ओळखू आले. बाकी सगळी रांगोळी उधळल्यासारखी. पोरगा म्हणाला, "ताई, स्क्रीनवर तर लय झकास दिसतंय." दिसणारच. स्क्रीनवर आपण दीड फुटावरून, पाहिजे तेवढं मोठं करून बघतो. मंजुरीला बापूंच्या मोबाइलवर गेलेली फाइलही त्यांनी दोन बोटांनी ताणून प्रत्येक चेहरा तपासूनच पाठवली होती.

30 ऑक्टोबर, बुधवार

अर्जांची छाननी आज. बापू संध्याकाळी मोकळे झाले तेव्हा निकाल सांगितला. मी थेट विचारलं, "बापू, मतदाराने हा फलक बघून काय करायचंय?" ते म्हणाले, "मत द्यायचंय." म्हटलं, मत देताना त्याच्यासमोर काय असतं ते बघूया.

मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत एका ओळीत असतं अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो आणि चिन्ह, शेजारी निळं बटण. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव, चिन्ह. नेते नाहीत, घोषणा नाही, झेंडू नाही. मतपत्रिकेवरचं चिन्ह काळ्या रेषांत असतं, रंगीत नसतं. मग रस्त्यावरच्या फलकाचं काम एवढंच, की त्या ओळीतल्या गोष्टी माणसाच्या डोक्यात आधीच जाऊन बसाव्यात. केंद्रात गेल्यावर नजर फिरवत बसायची वेळ येऊ नये.

यावर बापूंनी जे विचारलं ते योग्यच होतं. "नाव-चिन्ह ठीक. पण मत कशासाठी द्यायचं ते नको का सांगायला?" त्यांना म्हटलं, हवंच. पण ते सांगणारी ओळ तुमच्या फलकावर आहे का? तीनही घोषणांवर एकच परीक्षा केली. घोषणेखाली समोरच्या उमेदवाराचं नाव लावून वाचायची. "विकासाचा ध्यास" त्यालाही शोभते. "हक्काचा माणूस" तर त्याच्या रिक्षावर फिरतंयच. जी ओळ दोघांनाही लागू पडते ती कुणाचाच निरोप देत नाही, जागा मात्र पुरती खाते. तासभर बोलल्यावर एक ओळ निघाली, जी उमेदवार दहा वर्षं गावोगाव बोलत आलाय आणि दुसरा कुणी बोलत नाही: "पूर्व भागाला बारमाही पाणी". चार शब्द. बापूंना ती लगेच पटली, कारण ती त्यांचीच होती, मी फक्त कागदावर घेतली.

मग चेहऱ्यांचा विषय निघाला आणि बापू गप्प झाले. थोड्या वेळाने खरं कारण सांगितलं. खालच्या आठ जणांनी फ्लेक्सचे पैसे वाटून घेतलेत. वरचे सहा गोल युतीतल्या पक्षांचे आहेत, एक जरी गळला तरी त्या पक्षाची पोरं प्रचाराला येणार नाहीत. गेल्या वेळी एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान आला म्हणून रात्री अकराला फलक उतरवावा लागला होता.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात गाठ सुटली. हा फलक मतदाराशी बोलतच नाही, तो कार्यकर्त्यांशी बोलतो: तू आमच्यात आहेस, तुझा मान राखलाय. हे बोलणंही निवडणुकीत लागतं, त्याला मी कमी लेखत नाही. फक्त दोन वेगळी बोलणी एकाच कापडावर, तीही पळत्या रस्त्यावर लावलीत. चेहरा दिसला की डोळा आधी चेहऱ्यावरच जातो, अक्षरावर नंतर. दोन चेहरे असतील तर दोन थांबे. सतरा असतील तर डोळा कुठेच थांबत नाही, सगळ्यांत मोठ्या चेहऱ्याची ओळख पटवतो आणि पुढे निघतो.

तोडगा असा मांडला. सतरा चेहऱ्यांचा फ्लेक्स प्रचार कार्यालयाच्या दारात लावा, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, जिथे माणसं उभी राहतात, चहा घेतात, फोटो काढतात. सगळे गोल सारख्याच मापाचे, 16 इंच, मी स्वतः मोजून देईन. रस्त्यावरच्या फलकावर फक्त उमेदवार. बापू म्हणाले, "उद्या लक्ष्मीपूजनाला सगळी जमणार हाईत, तवा इचारतो." लक्ष्मीपूजन आमच्याकडे परवा आहे, पण त्यांच्या घरी उद्याच.

2 नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

बापूंचा सकाळी फोन. आठही पदाधिकारी कार्यालयाच्या फ्लेक्सवर तयार आहेत. उलट तिथे चेहरे मोठे दिसणार म्हणून खूश झाले. वरच्या सहांपैकी दोन मात्र रस्त्यावरही राहिलेच पाहिजेत, हे वरून आलंय. ते मी बदलू शकत नाही. उमेदवार धरून तीन चेहरे.

सुट्टी असली तरी दुपारी मांडणी करायला बसले. पहिला कच्चा आराखडा: डावीकडे सहा फुटांत उमेदवार, मध्ये साडेआठ फुटांत नाव, उजवीकडे चिन्ह पाच फुटी पांढऱ्या गोलात. खालचा अडीच फुटांचा पट्टा मोकळा, फक्त रंग, कारण तो जीपांच्या मागे जाणार. आडनाव शिरोरेघ ते पाया 20 इंच, म्हणजे 200 फूट, म्हणजे साडेपाच सेकंद. पहिलं नाव आणि वडिलांचं नाव त्याच्या वर लहान.

नावावर थोडं अडलं. गावात त्याला सगळे एका टोपणनावाने ओळखतात, जुन्या फलकावर तेच मोठं होतं. मतपत्रिकेवर काय येणार ते बापूंना विचारलं. अर्जात पूर्ण नाव दिलंय, टोपणनाव नाही. मग फलकावरही आडनावच मोठं. फलक एका नावाने ओळख करून देणार आणि यंत्रावर दुसरंच नाव दिसणार, यासारखा घोटाळा नको. शिवाय एकाच आडनावाचे दोन-तीन उमेदवार उभे राहणं आपल्याकडे नवं नाही. त्या गोंधळावर उपाय म्हणूनच 2015 पासून मतपत्रिकेवर फोटो आला. म्हणून उमेदवाराचा फोटोही अर्जाबरोबर दिलेलाच घेतला: समोर बघणारा, बिनगॉगलचा, फेटा नसलेला.

3 नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज करून संध्याकाळी परत बसले. आगपेटीवर नवा आराखडा चिकटवला. उमेदवार दिसला, चिन्ह दिसलं, आडनाव दिसलं पण चुकीचं दिसलं.

आडनावाचं पहिलं अक्षर भ आहे. 50 सेंटिमीटरवरून तो म वाचला जात होता, आणि म लावून वाचलं तर तेही खरंखुरं आडनाव आहे, शेजारच्या गावातलं. ऑपरेटरने सवयीने अक्षरांना जाड पांढरी कड आणि मागे सावली दिली होती. भ आणि म यांच्यातला फरक फार बारीक: भ ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे छोटी गाठ असते. घ आणि ध चं तसंच, शिरोरेघेतल्या फटीवरच सगळं. व आणि ब मध्ये तर फक्त पोटातली एक तिरकी रेघ. जाड टाइपात ही फट आधीच अरुंद झालेली असते, वर पांढऱ्या कडेने ती बुजवली की लांबून अक्षर बदलतं. कड काढली, सावली काढली, टाइपचं वजन एक पायरी कमी केलं आणि भ ची फट हाताने दीडपट उघडली. अक्षर जवळून किंचित विचित्र दिसतं. पोरगा नाराज झाला. त्याला आगपेटी हातात देऊन हात सरळ करून बघायला लावलं, मग त्याने मान डोलावली.

चिन्हाचंही असंच. पक्षाकडून आलेल्या फाइलमध्ये ते सोनेरी, फुगीर, मागून प्रकाश आल्यासारखं होतं. करड्या रंगात बदलून बघितलं तर आकार पार्श्वभूमीत विरघळून गेला. आयोगाचं रेषांमधलं मूळ चिन्ह घेतलं, काळ्यात, पांढऱ्या गोलावर. हे मी हट्टाने केलं आणि त्यामागे याच वर्षीचं उदाहरण होतं. लोकसभेला आपल्याकडे एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं आणि काही अपक्षांना नुसती तुतारी मिळाली होती. मतदारांचा त्यात गोंधळ झाल्याची तक्रार त्या पक्षाने आयोगाकडे केली. तक्रारीचं खरं-खोटं तोलणं माझं काम नाही. पण नाव आणि चित्र एवढं जवळ आलं की नुसता शब्द ऐकून भागत नाही, आकृती जशी मतपत्रिकेवर दिसणार तशीच डोळ्यांत बसलेली असावी लागते.

पाण्याची ओळ आगपेटीवर पार नाहीशी झाली. तिला मोठी करायची तर नाव लहान करावं लागतं. तसाही आराखडा करून बघितला. दोन्ही अर्धवट दिसतात. उद्यापर्यंत विचार करते.

4 नोव्हेंबर, सोमवार

आज दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घ्यायची मुदत. त्यानंतर यादी लागली आणि आमच्या उमेदवाराचा अनुक्रमांक कळला: 3. हा आकडा आधी कुणालाच माहीत नसतो. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांच्या अक्षरक्रमाने, अशी मांडणी असते. कुणी माघार घेतली की खालचे सगळे वर सरकतात.

त्यामुळे पाण्याच्या ओळीचा प्रश्नही सुटला. आजपर्यंत "का" सांगायचे दिवस होते. आजपासून तिठ्यावरच्या फलकाने "कुठे" सांगायचं. पाण्याची ओळ तिठ्यावरून काढली आणि आठवडी बाजाराच्या दोन फलकांवर नेली. तिथे माणूस पिशवी घेऊन चालत येतो, पंधरा-वीस फुटांवर थांबतो, दहा मिनिटं तिथेच असतो. तिथे चार शब्दांखाली कोणत्या गावांना, कुठल्या बाजूने, हे दोन ओळींत सांगायलाही जागा आहे. बापू म्हणाले, "म्हंजे एका जागंला एकच गोष्ट." होय, एवढंच.

आकडा चिन्हाच्या खाली, 30 इंच उंच. आधी देवनागरी की रोमन यावर चर्चा झाली असती, पण 3 दोन्हींत जवळपास सारखाच. 1 किंवा 9 असता तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण देवनागरीतले एक आणि नऊ लांबून एकमेकांसारखे दिसतात.

6 नोव्हेंबर, बुधवार

छपाई. तळाच्या मोकळ्या पट्ट्यात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घातलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127क प्रमाणे ते लागतंच, आणि आयोगाने यंदा एप्रिलमध्ये होर्डिंगबाबतही तसे आदेश दिलेत. प्रकाशकाचं घोषणापत्र दोन प्रतींत, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांसह घेतलं. ही ओळ रस्त्यावरून वाचता यावी अशी अपेक्षाच नाही, जवळ जाऊन वाचता आली म्हणजे झालं. तिला मी संदेशात धरत नाही.

दोन नेत्यांचे गोल वरच्या डाव्या कोपऱ्यात, उमेदवाराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, 14 इंचांचे. आधीच्या प्रूफात ते नावाच्या वर होते आणि नजर नावाकडून वर खेचत होते.

संध्याकाळी चढवताना उन्हाचं लक्षात आलं. फलकाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळी आठच्या सुमारास सरळ ऊन त्याच्यावर येणार आणि फ्लेक्स चमकणार. चकाकी नसलेलं मटेरियल घ्यायला हवं होतं, ते आधी सुचलं नाही. गोलाची पांढरी जागा सकाळी थोडी डोळ्यांवर येईल. काळं चिन्ह तरीही टिकेल.

12 नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा टपरी, पुन्हा बारा जण. आधीच्यांपैकी कुणी नको म्हणून दुसऱ्या वेळेला गेले, संध्याकाळी पाचला.

उमेदवाराचं आडनाव नऊ जणांनी बरोबर सांगितलं. एकाने म वालं सांगितलं, म्हणजे फट उघडूनही धोका पूर्ण गेलेला नाही. चिन्ह दहा जणांना आठवलं. आकडा सात जणांनी सांगितला, त्यातल्या एका बाईंनी "तीन नंबरचा खंड्या" म्हणून. खंड्या म्हणजे काय ते कळेना, मग म्हणाल्या की त्यांच्या बैलांतल्या एकाचं नाव, तो तिसरा. असा कुठला तरी घरचा खुंटा मिळाला की आकडा लक्षात राहतो. नेत्याचं नाव तिघांनी घेतलं. वाढदिवस कुणी म्हटलं नाही.

बारा माणसं म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे, हे मला माहीत आहे. शिवाय दोन आठवड्यांत रिक्षा फिरल्या, पत्रकं वाटली गेली, सभा झाल्या. आकडा त्यांना फलकावरून आठवला की रिक्षावरून, हे मी वेगळं काढू शकत नाही. म्हणून शेवटच्या चौघांना आणखी एक विचारलं: मागच्या फलकावर चिन्ह कुठल्या बाजूला होतं? तिघांनी उजवा हात उचलला. ते तरी फलकावरूनच आलेलं.

18 नोव्हेंबर, सोमवार

आज संध्याकाळी प्रचार थांबला. शनिवारी बापूंनी विचारलं होतं की शेवटच्या दोन दिवसांसाठी खालच्या मोकळ्या पट्ट्यात "20 नोव्हेंबरला मतदान" घालूया का. जीपा आणि आता उसाच्या ट्रॉल्या, तो पट्टा दिवसातला बराच वेळ झाकलेलाच असतो. नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं.

कार्यालयाच्या दारातल्या सतरा चेहऱ्यांच्या फ्लेक्ससमोर मात्र आज दिवसभर फोटो काढणं चाललं होतं. आठही पदाधिकाऱ्यांचे गोल सारखे आहेत. तरी एकाने टेप मागितला, मोजून बघितलं आणि परत दिला.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान झालं, आज फलक उतरवला. फाइल जपून ठेवली, आकडा वेगळ्या थरावर ठेवून, भ ची दुरुस्ती तशीच.

बापू दुपारी हिशोबाला आले आणि नगरपरिषदेचं बोलायला लागले. ती जेव्हा लागेल तेव्हा प्रश्न याहून अवघड आहे. प्रभागात दोन सदस्य, वर नगराध्यक्ष थेट मतदानाने, म्हणजे एका मतदाराने एका वेळी तीन बटणं दाबायची. नावं तीन, फोटो तीन आणि अनुक्रमांक कदाचित तीन वेगवेगळे, चिन्ह तेवढं एक. आज कागदावर दोन आराखडे काढून बघितले. एकात चिन्ह मध्ये मोठं आणि तिन्ही नावं त्याच्या भोवती, दुसऱ्यात एका फलकाऐवजी रस्त्यावर शंभर-शंभर फुटांवर तीन लहान फलक, प्रत्येकावर एक नाव आणि एक आकडा. पहिला आगपेटीवर टिकत नाही. दुसऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला परवानगीच्या तीन जागा ओळीने मिळतील का, ते उद्या नगरपरिषदेत जाऊन विचारते.